ईव्हीए पहिल्यांदा काढताना: व्याज दोनदा वजा करू नका

विभागाचा ईव्हीए, म्हणजे करानंतरच्या नफ्यातून गुंतलेल्या सगळ्या भांडवलाचा खर्च वजा करून उरणारी रक्कम, उणे 75 लाख आल्याचं तुमचं गणित पाहिलं. विभाग तोट्यात नाही, व्याज दोनदा वजा झालंय. नव्याने शिकताना ही चूक सहज होते.

तुमच्या आकड्यांनुसार विभागाचा कामकाजातला, व्याजापूर्वीचा नफा 5 कोटी आहे. 25 टक्के कर गेला की उरतात 3.75 कोटी. आता गुंतलेलं भांडवल: यंत्रं-इमारत 20 कोटी, माल आणि येणी 14 कोटी, त्यातून पुरवठादारांची बिनव्याजी देणी 4 कोटी वजा. राहिले 30 कोटी. भांडवलाचा खर्च 12 टक्के धरला तर 3.60 कोटी. म्हणजे ईव्हीए 15 लाख.

तुम्ही कर काढण्याआधीच 1.20 कोटी व्याज वजा केलंत, म्हणून उत्तर उणे 75 लाख आलं. कर्जाचा खर्च त्या 12 टक्क्यांत आलेलाच असतो, भागधारकांच्या अपेक्षेसोबत.

सुरुवातीला एवढंच तपासा:

- नफा व्याजापूर्वीचा, पण करानंतरचा आहे ना?
- भांडवल वर्षाच्या सुरुवातीचं किंवा सरासरी घेतलंय ना? मार्चअखेरीस येणी वसूल करून ते तात्पुरतं कमी दिसतं.

संशोधनखर्च, गुडविल यांच्या दुरुस्त्या सध्या बाजूला ठेवा. मुख्य कार्यालयाची मालमत्ता विभागावर कशी वाटली, हे मात्र हिशेबनीसांना आताच विचारा. इथे तर भांडवल सव्वा कोटीने वाढलं, तरी 15 लाख संपतात.