होकार फार लवकर आला तेव्हा

"मला दुसऱ्या शहरात मोठं पद मिळतंय. नवऱ्याने ऐकल्या ऐकल्या 'जाऊ या' म्हटलं, पण त्याचा इथे स्वतःचा व्यवसाय आहे. पुढे कधी त्याने हे बोलून दाखवलं तर? आणि मी नकार दिला, तर आयुष्यभर त्यालाच दोष देईन का?"

हा प्रश्न घेऊन हे दोघं माझ्याकडे समुपदेशनासाठी आले तेव्हा कंपनीला उत्तर द्यायला अकरा दिवस उरले होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ती औषध कंपनीत गुणवत्ता विभागात होती आणि आता एका अख्ख्या कारखान्याची गुणवत्ता तिच्या हाती येणार होती. करार तीन वर्षांचा. तो आर्किटेक्ट, सात वर्षांपूर्वी नोकरी सोडून स्वतःचं ऑफिस थाटलेला. मुलगी दुसरीत.

आधी मी तारखेबद्दल विचारलं. अकरा दिवसांत उत्तर हवं हे कंपनीने सांगितलं होतं, पण मुदत वाढवून मिळेल का, हे तिने विचारलंच नव्हतं. "हवंय की नाही अशी शंका येईल त्यांना," ती म्हणाली. नेमकी तारीख देऊन लेखी विचारलं तर कंपन्या बरेचदा आठ-दहा दिवस देतात. तिलाही दहा दिवस मिळाले. घाईत दिलेला होकार पुढे 'मला विचार करायला वेळच कुठे दिला?' या वाक्यात परत येतो, म्हणून मी याचा आग्रह धरते.

दोघांनी घरी एक तक्ता केला होता. नवा पगार, नवं भाडं, मुलीची शाळा, त्याच्या कमाईत होणारी अंदाजे घट. बेरीज घराच्या फायद्याची होती आणि म्हणून निर्णय झाल्यातच जमा होता. अर्थतज्ज्ञ जेकब मिन्सर यांनी १९७८ साली स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांबद्दल लिहिताना हाच पेच मांडला होता: कुटुंबाची एकूण बेरीज वाढते म्हणून घर हलतं, पण त्या बेरजेत एकाचा तोटा दडलेला असू शकतो. तो माणूस एकटा असता तर त्याने गाव सोडलंच नसतं. तक्ता खोटा नव्हता. त्यात फक्त 'आपलं' लिहिलेलं होतं, 'माझं' आणि 'तुझं' नव्हतं.

त्याला मी म्हटलं, "तिकडे गेल्यावर आठ महिन्यांनी येणारा एक साधा मंगळवार मला सांगा. सकाळपासून."

तो छान सांगू लागला. हिची गाडी साडेसातला येईल. मुलीला मी शाळेत सोडेन. शाळा घराजवळच बघायची ठरलीय. संध्याकाळी ही सहापर्यंत परत.

"आणि साडेनऊ ते चार?"

तो थांबला. "काम करेन की. ड्रॉइंग तर कुठूनही करता येतात."

"कोणाची ड्रॉइंग?"

यावर तो बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "स्लॅब पडताना मी साइटवर लागतोच. त्याआधी सळई तपासायला पण. माझी सगळी कामं ओळखीतून येतात. तिकडे मला कोण ओळखतं?" बायकोकडे न बघताच तो हे बोलला. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

त्याचा होकार खोटा होता असं मी म्हणणार नाही. तिला मिळालेल्या पदाचा त्याला खरोखर आनंद होता. पण ज्या होकारात स्वतःच्या दिवसाचं चित्रच नाही, तो टिकत नाही. ओळखायच्या खुणा साध्या असतात. 'तुला हवं ते कर' हे वाक्य वारंवार येतं, तिच्या बाजूचे तपशील तोंडपाठ असतात आणि स्वतःबद्दल विचारलं की 'बघू'. असा माणूस भांडत नाही, म्हणून समजूतदार वाटतो. दीड-दोन वर्षांनी तो गप्प गप्प राहू लागतो, आणि तोवर कारण दोघांच्याही लक्षात राहिलेलं नसतं.

पुढच्या भेटीआधी दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून लिहायचं होतं: गेलो तर माझं नेमकं काय जाईल, आणि नाही गेलो तर काय जाईल. 'करिअर', 'स्वातंत्र्य' असे मोठे शब्द वापरायचे नाहीत. त्याने लिहिलं: चालू असलेली दोन बांधकामं, एक शिकाऊ मुलगी जिला मी तयार केलं, आणि दारावरची माझ्या नावाची पाटी. तिने लिहिलं: नाही गेले तर माझ्या हाताखालचा कोणीतरी ते पद घेईल आणि मी त्याला अहवाल देईन. वाचून दाखवताना समोरच्याने उपाय सुचवायचा नाही, फक्त ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. उपाय लवकर सुचवला की बोलणारा आवरतं घेतो.

पाटीपाशी तिला रडू आलं. ती पाटी तिनेच लावून दिली होती.

यानंतर कोणाचं करिअर मोठं, हा प्रश्न मागे पडला. त्याला उत्तरही नसतं. पगाराने मोजलं तर एक उत्तर येतं आणि पुन्हा उभं करायला लागणाऱ्या वर्षांनी मोजलं तर दुसरं. आता काम उरलं ते जाणाऱ्या गोष्टींतल्या किती वाचवता येतात हे पाहण्याचं. दोन्ही बांधकामं सात महिन्यांत संपणार होती आणि शाळेचं वर्षही साधारण तेव्हाच. म्हणून तिने आधी जायचं, त्याने मुलीसह नंतर. मग मुलीच्या लसीकरणाचं कार्ड कुठे आहे इथपासून सगळं त्याला माहीत हवं होतं. ते शिकवण्यातच त्यांचे दोन रविवार गेले.

अडलं ते पैशांपाशी. ऑफिस बंद न करता शिकाऊ मुलीच्या हाती ठेवायचं, तर वर्षभराचं भाडं आणि त्या शिकाऊ मुलीचा पगार बायकोच्या वाढीव पगारातून द्यावा लागणार होता. "बायकोच्या पैशावर ऑफिस चालवू?" तो चिडला. मी विचारलं, तिची वाढ तुमच्या हलण्यामुळे शक्य होते आहे, मग त्यातून तुमचं नुकसान भरून निघालं तर ती मदत की हिशेब? त्याला वेळ लागला. शेवटी एक वर्ष, ही मर्यादा त्यानेच घातली.

'पुढची पाळी तुझी' असं ती म्हणाली तेव्हा मी तिला अडवलं. संधी पाळीने येत नाहीत, त्यामुळे हे वचन पाळण्याची वेळच येत नाही आणि मोडल्याचंही कळत नाही. त्याऐवजी त्यांनी दोन गोष्टी कागदावर लिहिल्या. तीन वर्षांनंतरचा करार दोघांच्या लेखी होकाराशिवाय वाढवायचा नाही. आणि दर सहा महिन्यांनी एक ठरलेली तारीख, जिथे पहिलं बोलणं त्याचं.

एक मर्यादा सांगायला हवी. दोघांपैकी एकाला खरं बोलायची भीती वाटत असेल, तर समोरासमोरच्या अशा भेटी मी घेत नाही. आधी त्या व्यक्तीला एकटीला भेटते.

पहिल्या सहामाही तारखेला त्याने मला फोन केला. एक जुना ग्राहक दुसरीकडे गेला होता. "मला राग आला होता," तो म्हणाला, "आणि मी तो तिला त्याच दिवशी सांगितला." ती काय म्हणाली, मी विचारलं. "काही नाही. ऐकलं. मग म्हणाली, ऑफिसचं भाडं अजून सहा महिने वाढवू या का. मी विचार करतोय."