चुकलेला क्रम कसा वाचावा

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या सातवी-आठवीच्या वह्यांचे फोटो नीट पाहिले. ऋण संख्या, अपूर्णांक आणि दशांश अपूर्णांक एकत्र आले की मुलांचा चढता क्रम चुकतो, आणि तू प्रत्येक चुकीवर लाल फुली मारून शेजारी बरोबर क्रम लिहून दिला आहेस, ते फोटोंत दिसतंच आहे. मला त्यात एकच गोष्ट खटकली. चुकलेला क्रम हा बहुतेक वेळा वेंधळेपणा नसतो. त्या मुलाच्या डोक्यात एक नियम असतो, तो नियम ते इमानदारीने पाळतं, फक्त तो नियम चुकीचा असतो. क्रम नीट वाचला की तो नियम सापडतो. पण त्यासाठी गणितातल्या संख्या विचार करून निवडायला हव्यात. तुझ्या गणितात −३, १/२, २.५, −१/४ अशा लांब लांब बसलेल्या संख्या आहेत. तिथे चुकीच्या नियमानेही बरोबर उत्तर येतं, आणि आपल्याला वाटतं की मुलाला समजलं.

मी वर्गात वापरायचे त्या सात संख्या देते. फळ्यावर अशाच मिसळून लिही:

०.७, −१.६, २/३, −५/३, ०.६५, −१ ५/८, −०.०७

(सहावी संख्या उणे एक पूर्णांक पाच छेद आठ अशी वाचायची. मुलं घाईत ती १५/८ वाचतात, म्हणून फळ्यावर मधली जागा मोकळी सोड.)

बरोबर चढता क्रम असा: −५/३, −१ ५/८, −१.६, −०.०७, ०.६५, २/३, ०.७.

आधी उजवीकडच्या तीन धन संख्यांकडे बघ, कारण तिथली गोष्ट सोपी आहे. २/३ चा भागाकार केला की ०.६६६… येतो. एखादं मूल ०.७, ०.६५, ०.६६६ असा क्रम लावेल. ते दशांश चिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचतंय: सात, पासष्ट, सहाशे सहासष्ट. उलट एखादं मूल ०.६६६, ०.६५, ०.७ असं लिहील. त्याला शतांश, सहस्रांश हे लहान लहान तुकडे असतात एवढंच लक्षात राहिलंय, म्हणून जितके अंक जास्त तितकी संख्या लहान, असा त्याचा हिशेब आहे. दोघांनाही एकच उपाय पुरतो. संख्या एकाखाली एक, दशांश चिन्हं एका रेषेत, आणि रिकाम्या जागी शून्यं: ०.७००, ०.६५०, ०.६६६. पण दुसऱ्या मुलाला शून्यं का चालतात हे आधी पटवावं लागेल. सात दशांश म्हणजेच सातशे सहस्रांश, हे ग्राफ कागदावर रंगवून दाखव. तोंडी सांगून ते मान डोलावतं आणि पुढच्या गणितात पुन्हा तेच करतं.

खरा गुंता ऋण बाजूला आहे. तिथे साधारण तीन प्रकारचे चुकीचे क्रम दिसतील.

पहिला: −०.०७, −१.६, −१ ५/८, −५/३. या मुलाने वजाचं चिन्ह बाजूला ठेवून संख्या लहानापासून मोठ्याकडे लावल्या, चिन्हं परत चिकटवली आणि रांग उलटवायची राहिली. ही चूक पटकन दिसते आणि पटकन सुटतेही. आरंभबिंदूपासून डावीकडे जितकं लांब तितकी संख्या लहान, हे संख्यारेषेवर बोट ठेवून एकदा चाललं की बहुतेकांना कळतं.

दुसरा क्रम फसवा आहे: −१.६, −१ ५/८, −५/३, −०.०७. वरवर बघता हे मूल हुशार वाटतं. उणे एकच्या पलीकडच्या संख्या −०.०७ च्या आधी घेतल्यात, म्हणजे ऋण संख्यांचा उलटा क्रम त्याला येतो. पण तो फक्त पूर्णांकांपुरता. −२ हा −१ च्या डावीकडे, हे पाठ आहे. दोन पूर्णांकांच्या मधल्या जागेत मात्र ते पुन्हा डावीकडून उजवीकडे मोजायला लागतं.

तिसरा क्रम त्याचाच भाऊ: −५/३, −१.६, −१ ५/८, −०.०७. इथे फक्त −१ ५/८ जागा सोडून उजवीकडे गेलाय. दशांश अपूर्णांकांचा या मुलाला सराव आहे, पण पूर्णांकयुक्त अपूर्णांकात वजाचं चिन्ह फक्त एकाला लागू आहे आणि ५/८ त्यात मिळवायचे आहेत, असं ते समजतं. −१ ५/८ म्हणजे एक आणि पाच अष्टमांश मिळून जे होतं ते सगळं ऋण, म्हणजे −१.६२५.

आता संख्यारेषेचं काम सुरू होतं. दुसरा किंवा तिसरा क्रम दिसला की मुलाला काही समजावू नकोस. रेषा काढायला सांग आणि −१ ५/८ कुठे ते दाखवायला सांग. काही मुलं −२ पासून उजवीकडे आठातले पाच भाग मोजतील आणि खऱ्या −१.३७५ च्या जागी खूण करतील. काही −१ पासून उजवीकडे, म्हणजे शून्याच्या दिशेने पाच भाग जातील आणि −०.३७५ वर पोचतील. वहीत दोघांचाही क्रम तंतोतंत सारखा असतो. रेषेवर मात्र त्यांच्या खुणांमध्ये अख्ख्या एकाचं अंतर पडतं. पहिल्याला सांगावं लागतं की मोजणी शून्याच्या जवळच्या पूर्णांकापासून सुरू करायची. दुसऱ्याला सांगावं लागतं की −१ वर पोचल्यावर तोंड डावीकडेच ठेवायचं. दोघांना एकच स्पष्टीकरण दिलंस तर एकाचं डोकं जास्तच चक्रावेल.

जाता जाता एक गंमत सांगते. दुसऱ्या मुलाचं वाचन अगदीच बिनबुडाचं नाही. आमच्या वेळच्या लॉग टेबलात ०.४ चा लॉग लिहिताना एकाच्या डोक्यावर आडवी रेघ देऊन पुढे .६०२१ लिहायचे. तिथे वजा फक्त त्या एकाला असतो आणि दशांश भाग धन, म्हणून त्याची किंमत −०.३९७९. तिथे तो संकेत मुद्दाम ठरवलेला होता आणि रेघ डोक्यावर असायची. आपल्या −१ ५/८ मध्ये चिन्ह पुढे आहे, म्हणून ते सगळ्याला लागू.

−०.०७ मी या यादीत का ठेवला, तेही विचारशील. क्रमात तो सहसा चुकत नाही, कारण त्याच्या आसपास कोणीच नाही. पण रेषेवर बरीच मुलं त्याला −०.७ च्या जागी बसवतात. म्हणून क्रम बरोबर आला तरी रेषा काढून घ्यायचीच.

रेषेचं माप आधी ठरवून दे. ग्राफ कागदावर एक एकक म्हणजे ५ सेंटिमीटर घेतलं, तर −२ पासून १ पर्यंत १५ सेंटिमीटर लागतात आणि कागदात आरामात बसतात. मग १ मिलिमीटर म्हणजे ०.०२. −०.०७ शून्याच्या डावीकडे साडेतीन मिलिमीटरवर येतो, −०.७ असता तर साडेतीन सेंटिमीटरवर. −१.६ आणि −१ ५/८ मध्ये सव्वा मिलिमीटर, −१ ५/८ आणि −५/३ मध्ये साधारण दोन. ०.६५ आणि २/३ मध्ये एक मिलिमीटरही नाही. इथे रेषेची मर्यादा मुलांना दिसू दे. कोण आधी, कोण नंतर हे आकड्यांनी ठरवायचं. पेन्सिलीच्या टोकाने नाही.

आकड्यांनी ठरवण्याची रीत मी अशी सांगते. आधी ऋण आणि धन असे दोन ढीग कर, त्यांची एकमेकांशी तुलना करायचीच नाही. ऋण ढिगातल्या संख्या चिन्ह काढून कच्च्या जागेत लिहायच्या: १.६६६…, १.६२५, १.६००, ०.०७०. त्या लहानापासून मोठ्याकडे लावायच्या, मग सगळी रांग एकदाच उलटवायची आणि उलटवतानाच चिन्हं लावायची. काही मुलं लावतानाच मनात उलटवतात आणि शेवटी पुन्हा उलटवतात, म्हणून कच्च्या जागेत वजाचं चिन्ह दिसता कामा नये. सगळ्यांचे छेद समान करायचा हट्ट इथे नको. छेद १२० पर्यंतच जाईल असं वाटतं, पण ०.०७ मुळे तो ६०० होतो आणि मुलं गुणाकारातच हरवतात. दोनच संख्यांचा प्रश्न असेल तर तिरकस गुणाकार चांगला: २/३ आणि ७/१० साठी २ × १० = २० आणि ७ × ३ = २१, म्हणून २/३ लहान. मात्र कोणी −५/३ हा ५/(−३) असा लिहिला असेल, तर वजा आधी अंशात आणायचा. छेद ऋण असताना तिरकस गुणाकार उलटं उत्तर देतो.

एका ठिकाणी डोळ्यांत तेल घालून बघ. ५/३ चा भागाकार संपत नाही. मुलं कंटाळून १.६ वर थांबतात आणि −५/३ व −१.६ मध्ये बरोबरचं चिन्ह टाकतात. हुशार मुलं जवळची किंमत घेऊन १.६७ लिहितात. या सात संख्यांत ते खपून जातं, म्हणूनच पुढच्या वेळी −१.६ काढून −१.६७ घाल. १.६७ घेणारं मूल दोन्ही सारख्या म्हणेल, १.७ घेणारं −५/३ लहान म्हणेल. खरं बघ: ५/३ म्हणजे ५००/३००, १.६७ म्हणजे ५०१/३००. म्हणून −१.६७ लहान, तीनशेव्या भागाने. आपल्या ग्राफवर हे अंतर मिलिमीटरचा सहावा भाग भरतं, पेन्सिलीच्या रेघेखाली सहज झाकलं जाईल एवढं. तुलनेच्या गणितात जवळची किंमत घ्यायची नाही, फरक दिसेपर्यंत भागाकाराचा आणखी एक अंक काढायचा.

पडताळा मुलांनी स्वतः घ्यावा. शेजारच्या दोन संख्यांत उजवीतून डावी वजा केली की उत्तर धन आलं पाहिजे: −१.६ − (−१.६२५) = ०.०२५. सगळ्या जोड्या नकोत, ज्या दोन संख्यांबद्दल मनात शंका आहे तेवढीच जोडी पुरे.

तुझ्या बाई

ता. क. पुढच्या वह्यांचे फोटो पाठवशील तेव्हा कच्च्या कामाचं पानही पाठव. मुलांनी ते खोडलं असेल तर पुढच्या वेळेपासून खोडरबर तुझ्याकडे जमा करून घे.