व्हॉट्सॲप नंबर बंद पडायच्या आधी काय करून ठेवावं?

प्रश्न: शहापुरात साड्यांचा धंदा आहे, सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. खातं अचानक बंद केलं तर?

उत्तर: आधी गिऱ्हाइकांचे नंबर सांभाळा. खातं बंद झालं की चॅट उघडत नाहीत, आणि सेव्ह न केलेले खानापूर-निपाणीकडचे नंबर आतच अडकतात. ते गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये सेव्ह करा, contacts.google.com वरून CSV फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवा.

गूगल ड्राइव्हवरच्या चॅट बॅकअपवर विसंबू नका, तो फक्त त्याच नंबरवर परत येतो. उधारी किंवा ऑर्डर लिहिलेल्या चॅटचं 'एक्सपोर्ट चॅट' करून फाइल स्वतःला ईमेल करा. साड्यांचे फोटो कॉम्प्युटरवर उतरवा.

दुसरा नंबर मात्र आजच सुरू करा. तो गिऱ्हाइकांच्या ग्रुपमध्ये घेऊन ॲडमिन करा, म्हणजे पहिला गेला तरी ग्रुप हातात राहतो. जुन्या नंबरवरून सांगा, 'हाही सेव्ह करून ठेवा.' हे फार महत्त्वाचं आहे, कारण ब्रॉडकास्ट फक्त तुमचा नंबर सेव्ह असलेल्यांनाच पोचतो. बंदीनंतर नव्या नंबरवरून शेकडो लोकांना एकच मेसेज धाडलात, तर तोही बंद होऊ शकतो. तेव्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांना सरळ फोन लावा.