दहा मिनिटांचा पाठ आणि कागदाची पट्टी

"मॅडम, पुढच्या आठवड्यात शाळेत मुलाखत आहे आणि दहा मिनिटांचा पाठ घेऊन दाखवायचा आहे. बी.एड.ला पूर्ण तासाचे पाठ घेतले, पण दहा मिनिटांत माझी प्रस्तावनाच संपते. यातलं काय गाळू?"

राजारामपुरीतील माझ्या कार्यालयात आलेल्या या तरुणीने पाठ टाचण सोबत आणले होते. पाचवीचा घटक अपूर्णांक होता आणि उद्दिष्ट लिहिले होते, "विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची ओळख करून देणे." माझ्या मते अडचण वेळेची नसून या वाक्याची होती, ते शिक्षिका काय करणार हे सांगते, आणि ओळख झाली की नाही हे दहाव्या मिनिटाला कोणालाही तपासता येत नाही. आम्ही ते असे बदलले: "अंश 1 असलेल्या दोन अपूर्णांकांतील मोठा कोणता, हे विद्यार्थी कारणासह सांगेल." मग अपूर्णांकांचे प्रकार, व्याख्या आणि प्रस्तावनेतली गोष्ट आपोआप गळाली.

हेच उद्दिष्ट निवडले, कारण 8 हा 4 पेक्षा मोठा म्हणून 1/8 हा 1/4 पेक्षा मोठा, असे अनेक मुलांना वाटते. त्यामुळे पहिल्या मिनिटात हाच प्रश्न विचारून उत्तरे, चुकीचीसुद्धा, फळ्यावर लिहून ठेवायची. पुढची पाच मिनिटे कृतीची. प्रत्येकाला सारख्या लांबीची कागदाची पट्टी द्यायची, ती दोनदा दुमडली की चार समान भाग होतात आणि तिसऱ्यांदा दुमडली की आठ. दोन्ही वेळी एका भागाची लांबी पेन्सिलीने नोंदवायची. पट्ट्या घरूनच कापून न्याव्यात, नाहीतर कात्रीतच तीन मिनिटे जातात (तिच्या पहिल्या सरावात नेमके हेच झाले). लांबी असमान असेल, तर तुलनाच फसते.

त्यानंतर दोन मिनिटांत "भाग वाढले, तेव्हा एका भागाचे काय झाले?" असे विचारून निष्कर्ष मुलांकडूनच काढायचा आणि फळ्यावरची आधीची उत्तरे त्यांनाच दुरुस्त करू द्यायची.

उरलेली दोन मिनिटे तपासणीची. तिने 1/4 आणि 3/4 यांतील मोठा कोणता, असा प्रश्न योजला होता. पण येथे छेद समान असल्याने चुकीची समजूत बाळगणारे मूलही बरोबर उत्तर देते. त्याऐवजी आम्ही 1/5 आणि 1/6 घेतले, कारण ते दुमडून पाहिलेले नाहीत, म्हणजे पट्टी आठवून नव्हे तर विचार करून उत्तर द्यावे लागते. उत्तर एकाच हुशार मुलाकडून न घेता सर्वांनी पाटीवर किंवा वहीत लिहून एकदम वर धरायचे आणि दोघांना कारण विचारायचे.

सरावात मी मुद्दाम "1/6 मोठा" असे म्हटले, तेव्हा तिने चटकन "चूक" म्हणून नियम सांगितला. मुलाखतीतही मुलांच्या जागी बसलेले परीक्षक असेच करू शकतात. मी तिला सुचवले की तेव्हा फक्त एवढेच विचारा, "एकच भाकरी पाचजणांत वाटली आणि तेवढीच दुसरी सहाजणांत, तर मोठा तुकडा कुठे मिळेल?" आणि थांबा. वेळ संपत आली, तर कृतीच्या शेवटाला कात्री लावा, पण 1/5 आणि 1/6 चा प्रश्न सोडू नका.