पेस्टल विश्लेषण आणि त्याच्या मर्यादा : साखर कारखान्याचे एक उदाहरण

प्रश्न : व्यवसाय पर्यावरणाच्या पेपरला पेस्टल विश्लेषण आणि त्याच्या मर्यादा हा प्रश्न येतो. सहा घटक पाठ आहेत, पण एखादे भारतीय उदाहरण घेऊन उत्तर कसे लिहावे आणि मर्यादा नेमक्या कुठे दाखवाव्यात?

उत्तर :

सहा घटक पाठ असतील, तर व्याख्येवर एका लहान परिच्छेदाहून अधिक जागा खर्च करू नका. हार्वर्डचे फ्रान्सिस अग्विलार यांनी १९६७ मध्ये बाह्य पर्यावरणाची आर्थिक, तांत्रिक, राजकीय आणि सामाजिक अशी चार अंगे मांडली. कायदेशीर आणि पर्यावरणीय ही दोन अंगे पुढे जोडली गेली, एवढा इतिहास पुरतो. त्यानंतर उत्तराचा कस लागतो तो तीन गोष्टींवर : विश्लेषण कोणत्या संस्थेचे आहे, तिच्यापुढचा निर्णय कोणता आहे आणि आपण कोणत्या तारखेला उभे राहून पाहत आहोत. मी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवतो. बहुतेक उत्तरपत्रिकांत या तीनही गोष्टी नसतात आणि म्हणूनच 'सरकारी धोरणांचा व्यवसायावर परिणाम होतो' यासारखी, कोणत्याही धंद्याला लागू पडणारी वाक्ये भरलेली दिसतात.

उदाहरण म्हणून असा प्रश्न घेऊ : पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी साखर कारखान्याने २०२३ च्या उन्हाळ्यात कर्ज काढून आपल्या इथेनॉल प्रकल्पाची क्षमता वाढवावी काय? कारखाना काल्पनिक धरा. त्याच्या भोवतालची परिस्थिती मात्र खरी आहे.

त्या उन्हाळ्यात राजकीय रकाना अत्यंत अनुकूल दिसत होता. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासून आणि बी-हेवी मळीपासून, म्हणजे बरीच साखर शिल्लक ठेवलेल्या मळीपासून, इथेनॉल करण्याची वाट मोकळी केली होती. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०३० वरून २०२५ पर्यंत अलीकडे आणले होते आणि प्रकल्पांच्या कर्जावर व्याज सवलतही मिळत होती.

आर्थिक रकान्यात विद्यार्थी बहुधा महागाई आणि व्याजदर लिहून मोकळे होतात. या कारखान्याच्या दृष्टीने खरा आर्थिक घटक निराळा आहे. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढे अनेक वर्षे तो तिथेच राहिला. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा केंद्राने ठरवलेला किमान दर, मात्र २०१८-१९ मध्ये क्विंटलला २७५ रुपये होती, ती २०२३-२४ साठी ३१५ रुपये झाली. या दोन दरांना आधारभूत धरलेला साखर उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, अनुक्रमे १० आणि १०.२५ टक्के असा थोडा वेगळा आहे, हे उत्तरात नमूद केलेले बरे. बाजारात साखर किमान दराच्या वर विकली जात होती हे खरे, पण किमान दर गोठलेला आणि कच्च्या मालाचा दर चढता, ही कात्री कारखान्याला साखरेपासून दूर ढकलत होती. शिवाय साखर विकायची ती केंद्राने दरमहा ठरवून दिलेल्या कोट्याप्रमाणे, त्यामुळे हंगामात तयार झालेला माल पुढे कित्येक महिने गोदामात पडून राहतो आणि त्यावर काढलेल्या तारण कर्जाचे व्याज चालू राहते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून साधारण तीन आठवड्यांत येत, आणि २०२२-२३ मध्ये रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला ६५.६१ रुपये हा दर आधीच जाहीर होता. दर किती चांगला, यापेक्षा पैसा किती लवकर हाती येतो, हे संचालक मंडळाला अधिक भुरळ घालणारे होते.

पैशाच्या या घाईचे मूळ कायदेशीर रकान्यात आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस कारखान्यावर आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागते. म्हणजे देणे दोन आठवड्यांत आणि साखरेचे येणे वर्षभरात. ही अडचण कायद्यातून येते आणि ताळेबंदात उमटते, म्हणून ती नेमकी कोणत्या रकान्यात लिहावी असा प्रश्न इथेच पडतो. त्याकडे पुढे येतो.

सामाजिक रकान्यात ऊसतोड मजुरांचा प्रश्न येतो. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून मुकादमामार्फत उचल देऊन आणलेल्या टोळ्यांवर गाळप अवलंबून असते. टोळ्या कमी आल्या की तोडणी यंत्रे घ्यावी लागतात, आणि तो मुद्दा तांत्रिक रकान्यात सरकतो. इथेनॉलच्या निर्णयाशी याचा संबंध दूरचा आहे, म्हणून मी तो दोन ओळींत संपवीन. सहाही रकाने सारख्याच लांबीने भरण्याची सक्ती स्वतःवर करून घेऊ नये. पर्यावरणीय रकान्यात त्या उन्हाळ्यात एकच ओळ असती : भारतीय हवामान विभागाने एप्रिलमध्ये सरासरीच्या ९६ टक्के, म्हणजे सर्वसाधारण पावसाचा अंदाज दिला होता, मात्र पावसाळ्यात पाऊस कमी करू शकणारा एल निनो उद्भवण्याची शक्यताही सांगितली होती.

आता पुढे काय घडले ते पाहा, कारण मर्यादा इथूनच निघतात. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील उसाची वाढ खुंटली आणि साखरेचे उत्पादन घटेल असे अंदाज येऊ लागले. लोकसभेची निवडणूक काही महिन्यांवर होती आणि साखर महाग होणे कोणत्याही सरकारला परवडणारे नव्हते. ७ डिसेंबर २०२३ रोजी, गाळप हंगाम ऐन भरात असताना, केंद्राने साखर नियंत्रण आदेशाखाली कारखान्यांना त्या वर्षी उसाचा रस आणि पाक इथेनॉलसाठी वापरू नये असे सांगितले. बी-हेवी मळीपासून आधी स्वीकारलेला पुरवठा तेवढा चालू राहणार होता. आठवडाभरात, १५ डिसेंबरला, त्यात बदल होऊन १७ लाख टन साखरेइतकाच कच्चा माल इथेनॉलकडे वळवण्याची मुभा मिळाली. आदल्या वर्षी वळवलेल्या साखरेच्या निम्म्याहूनही ती कमी होती. ज्यांनी कर्ज काढून क्षमता वाढवली होती, त्यांचे हप्ते चालू राहिले आणि प्रकल्प अर्धवट चालले.

पहिली मर्यादा यातून दिसते. ७ डिसेंबरचा आदेश कोणत्या रकान्यात लिहाल? तो निघाला जीवनावश्यक वस्तू अधिनियमाच्या छत्राखालील आदेशातून, त्याचे कारण पाऊस, त्यामागचा दबाव ग्राहकांचा आणि निवडणुकीचा, आणि त्याचा फटका रोख प्रवाहाला. पेस्टलचे रकाने एकमेकांपासून वेगळे आहेत असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात घटना साखळीने घडतात आणि धोका असतो तो या सांध्यांमध्ये. उन्हाळ्यातील तक्त्यात 'इथेनॉलला सरकारचे पाठबळ' आणि 'एल निनोची शक्यता' ही दोन्ही वाक्ये बरोबर होती. दुसरे वाक्य पहिल्याला उलटवू शकते, हे तक्ता सांगत नव्हता. म्हणून उत्तरात तक्ता दिल्यावर निदान एक साखळी वाक्यांत लिहून दाखवा : पाऊस कमी, उत्पादनाचा अंदाज खाली, दरवाढीची भीती, आदेश, बंद प्रकल्प, थकलेले हप्ते.

दुसरी मर्यादा वजनाची आहे. तक्त्यात सहा अनुकूल आणि दोन प्रतिकूल मुद्दे दिसले की वाचणाऱ्याचे मन आपोआप बेरीज करते. पण इथे एकच प्रतिकूल मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडला. घटना घडण्याची शक्यता किती आणि घडल्यास नुकसान किती, हे पेस्टल सांगत नाही. ते वेगळे मांडावे लागते. या कारखान्याच्या बाबतीत एक साधी कसोटी पुरेशी होती : रसापासूनचे इथेनॉल एक हंगाम पूर्ण बंद राहिले, तर कर्जाचा हप्ता आणि १४ दिवसांतली एफआरपी दोन्ही भागतील काय? उत्तर नाही असे आले असते, तर क्षमता कमी घेणे किंवा धान्यावरही चालू शकेल असा प्रकल्प उभारणे, हे पर्याय समोर आले असते.

तिसरी मर्यादा माहितीची आणि काळाची. ज्या टंचाईच्या अंदाजावर तो आदेश निघाला, तो अंदाजही पुढे चुकला. नोव्हेंबरअखेरच्या अवकाळी पावसाने उभ्या उसाला हात दिला आणि महाराष्ट्राचे त्या हंगामातील साखर उत्पादन सुमारे ११० लाख टनांवर गेले. ते सुरुवातीच्या भीतीपेक्षा बरेच जास्त होते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने पुढच्या इथेनॉल वर्षासाठी रस आणि बी-हेवी मळीवरील निर्बंध उठवले. म्हणजे मे २०२३, जानेवारी २०२४ आणि सप्टेंबर २०२४ या तीन तारखांना त्याच कारखान्याचे राजकीय रकाने परस्परविरोधी निघतात. तक्त्यावर तारीख नसेल, तर तो खरा की खोटा हे ठरवताच येत नाही. परीक्षकालाही तुम्ही कोणत्या काळाचे लिहीत आहात हे कळले पाहिजे, म्हणून मथळ्यातच वर्ष घाला.

चौथी मर्यादा पुस्तकांत एका ओळीत उरकलेली असते, पण माझ्या मते गुण तिथे मिळतात. पेस्टल फक्त बाहेरचे पाहते. एकाच तालुक्यातील दोन कारखान्यांचे पेस्टल जवळजवळ शब्दशः सारखे निघेल, तरी ७ डिसेंबरचा परिणाम दोघांवर वेगळा झाला असता. ज्याच्याकडे रस पुन्हा साखरेकडे वळवण्याइतकी क्षमता आणि बँकेकडे तारण मर्यादा शिल्लक होती, तो हंगाम निभावून नेऊ शकत होता. ज्याने साखरेची बाजू आखडती घेऊन सगळा भर रसावर दिला होता, त्याला तसे करणे अवघड होते. हा फरक संस्थेच्या आतला आहे. तो दाखवायला सामर्थ्य-दौर्बल्य विश्लेषण लागते, आणि शेजारच्या कारखान्याशी उसासाठी चालणारी ओढाताण दाखवायची तर स्पर्धेचे विश्लेषण लागते. उत्तराच्या शेवटी पेस्टलनंतर कोणते साधन वापराल आणि त्यात वरच्या तक्त्यातील कोणते दोन मुद्दे घेऊन जाल, एवढे लिहिले तरी पुरे. मी 'एफआरपीची १४ दिवसांची मुदत' आणि 'एका आदेशाने बंद होऊ शकणारा कच्चा माल' हे दोन घेईन.