पीईएस स्टेटमेंट: रुग्ण तोंडाने पुरेसं खात नसेल, तर कारणाच्या जागी काय लिहायचं?

प्रश्न: मी डाएटेटिक्सची इंटर्न आहे, ऑर्थोपेडिक वॉर्डात पोस्टिंग आहे. रुग्ण जेवत नाही म्हणून ‘इनॅडिक्वेट ओरल इनटेक’ लिहिते, पण माझं पीईएस स्टेटमेंट रोज परत येतं. समस्या, कारण आणि लक्षणं एकमेकांना नेमकी जोडायची कशी?

उत्तर:

तुमचं स्टेटमेंट मी पाहिलेलं नाही, पण ऑर्थोच्या वॉर्डातून परत येणारी स्टेटमेंट्स बहुतेक एकाच साच्यातली असतात: ‘इनॅडिक्वेट ओरल इनटेक रिलेटेड टू हिप फ्रॅक्चर, ॲज एव्हिडन्स्ड बाय पुअर ॲपेटाइट अँड लो अल्ब्युमिन.’ मी वडोदऱ्यात एका हॉस्पिटलमध्ये आहारतज्ज्ञ आहे. गेल्या वर्षी माझ्याकडच्या इंटर्नने जवळजवळ याच शब्दांत लिहिलेलं स्टेटमेंट आम्ही दोघींनी बसून पुन्हा लिहिलं होतं. तीच केस सांगते.

दांडिया बाजारातल्या एक आजी, वय 72, खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेलं. फाइलमध्ये वजन 46 किलो. ते आम्ही केलेलं नव्हतं. महिन्याभरापूर्वी फॅमिली डॉक्टरांकडे केलेलं वजन सुनेने सांगितलं होतं, म्हणून नोंदीत तसंच लिहिलं. किलोमागे 30 किलोकॅलरी धरून गरज आली 1380, आणि प्रथिनं किलोमागे 1.2 ग्रॅमने साधारण 55 ग्रॅम.

पहिली दुरुस्ती लक्षणांत झाली. ‘पुअर ॲपेटाइट’ हे मोजता येत नाही, आणि ते खरं आहे का हेही तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. इंटर्नला सांगितलं, ताट परत जायच्या आत बघ आणि दोन दिवस लिही. ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाची नोंद अशी होती: दोन वेळा अर्धा कप चहा, चार मारी बिस्किटं, एक फुलका, दोन चमचे भाजी, अर्धी वाटी दहीभात, थोडा उपमा. डाळ जवळजवळ तशीच. सरासरी 520 किलोकॅलरी आणि 15 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे उष्मांकाची गरज चाळीस टक्केही भागत नव्हती. हे लक्षण म्हणून चालतं, कारण चार दिवसांनी तेच पुन्हा मोजून फरक पडला का ते सांगता येतं.

अल्ब्युमिन मी खोडायला लावलं. रिपोर्टमध्ये ते कमी होतंच, पण ऑपरेशन आणि दुखापतीनंतर शरीरात सूज असते आणि सलाईनही चालू असतं, त्यानेच ते खाली येतं. आजी उद्यापासून भरपेट जेवल्या तरी आठवड्याभरात ते वर येईलच असं नाही. जेवण सुधारलं तरी जो आकडा हलणार नाही, तो ‘कमी जेवतात’ याचा पुरावा कसा होईल? वजन घटल्याचंही लिहू दिलं नाही. दोन दिवसांत ते कळत नाही, आणि तुलनेला आमच्याकडे सुनेने सांगितलेला एकच आकडा होता.

आता कारण. खरी गोची इथेच असते. फ्रॅक्चर हे डॉक्टरांचं निदान आहे. ते खोटं नाही, पण आहारतज्ज्ञ त्याचं काही करू शकत नाही. कारणाच्या जागी जे लिहाल, त्याच्यावरच तुमचा उपाय चालला पाहिजे. म्हणून फ्रॅक्चरपाशी न थांबता ‘मग त्यामुळे काय?’ असं विचारत खाली उतरायचं आणि आपला हात पोचतो तिथे थांबायचं. त्याच वॉर्डात फ्रॅक्चर झालेल्या आणखी दोन बायका व्यवस्थित जेवत होत्या, मग याच का नाही?

नर्सिंगच्या चार्टमध्ये उत्तराचं अर्धं टोक सापडलं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवशी, म्हणजे लघवीचं कॅथेटर होतं तेव्हा, आजी तोंडाने 1100 मिली प्यायल्या होत्या. त्याच्या पुढच्या सकाळी कॅथेटर काढलं. त्या दिवशी 600 मिली आणि त्यानंतरच्या दिवशी 500. नुसती भूक मेलेला माणूस सहसा पाणी आणि चहा सोडत नाही. जेवण आणि पाणी एकदमच कमी झालं, तेही कॅथेटर निघाल्या दिवसापासून.

चौथ्या दिवशी दुपारी मी ताटाच्या वेळेला जाऊन बसले. आजींनी डाळीच्या वाटीवर फुलका झाकून ठेवला होता आणि पाण्याचा ग्लास औषधांच्या डब्यामागे सरकवला होता. पलीकडच्या खाटेवरचे नातेवाईक बाहेर गेले, मग हळूच म्हणाल्या, “अगं पोरी, प्यायलं की पॉट मागावा लागतो. रात्री दोनदा हाक मारली, कुणी ओ देईना. मग तो वॉर्डबॉय आला. त्याच्यासमोर कसं गं? त्यापेक्षा पोटात कमी गेलेलं बरं.”

हे फाइलमध्ये कुठेच नव्हतं. इंटर्नने त्यांना गुजरातीत विचारलं होतं, “भूख लागे छे?” आणि आजी “ना” म्हणाल्या होत्या. इथल्या मराठी घरांतली माणसं गुजराती छान बोलतात, पण असल्या गोष्टी घरच्या भाषेतच निघतात.

मग स्टेटमेंट असं झालं:

‘तोंडाने अपुरा आहार, रिलेटेड टू कॅथेटर काढल्यानंतर बेडपॅन मागण्याच्या संकोचामुळे जाणूनबुजून कमी खाणे-पिणे, ॲज एव्हिडन्स्ड बाय दोन दिवसांच्या ताटनोंदीत सरासरी 520 किलोकॅलरी (गरज 1380) व 15 ग्रॅम प्रथिने (गरज 55), तोंडी द्रव 1100 मिलीवरून 500 ते 600 मिली, आणि रुग्णाचे स्वतःचे सांगणे.’

फाइलमध्ये हे इंग्रजीतच गेलं, मात्र आधी मराठीत नीट बसवलं होतं. तुम्हीही तसं करून बघा. ‘रिलेटेड टू’च्या जागी ‘कारण’ आणि ‘ॲज एव्हिडन्स्ड बाय’च्या जागी ‘हे कशावरून’ घालून वाक्य मोठ्याने वाचलं की जोड कुठे निखळतो ते लगेच कानाला कळतं. ‘आजी कमी जेवतात, कारण हाड मोडलं, हे कशावरून, तर अल्ब्युमिन कमी आहे.’ हे कुणालाच पटणार नाही.

दुसरी परीक्षा वाक्य उलटं वाचण्याची. लक्षणांतून मला पुढे काय मोजायचं ते मिळतं का? कारणातून काय करायचं ते मिळतं का? आमच्या वाक्यातून मिळालं. सिस्टरांशी बोलून बेडपॅनच्या वेळा ठरवल्या: सकाळी उठल्यावर, दोन्ही जेवणांनंतर अर्ध्या तासाने, आणि झोपण्याआधी. बाई अटेंडंट आणि पडदा ओढलेला. रात्रीसाठी हाताशी घंटा. फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्यावर कमोडची खुर्ची. आहारात बदल त्यामानाने किरकोळ होते: सुनेने घरून तूप-मेतकूट घातलेला मऊ भात आणि शिरा आणायचा, आणि चहाऐवजी एकदा दूध. ‘भूक लागत नाही’ हेच कारण धरलं असतं तर मी सप्लिमेंट पावडर लिहून मोकळी झाले असते, आणि तो ग्लासही औषधांच्या डब्यामागे गेला असता.

तोंडाने अपुरा आहार हेच निदान का, हेही तुम्हाला विचारतील. एकटा उष्मांक किंवा एकटी प्रथिनं कमी असती तर त्यांची वेगळी निदानं आहेत. इथे अन्न, पाणी सगळंच तोंडाने कमी जात होतं. पाणी पिताना ठसका लागला असता, तर समस्या गिळण्याची ठरली असती आणि आधी स्पीच थेरपिस्टला बोलवावं लागलं असतं. अखेरच्या अवस्थेतला रुग्ण, वजन कमी करणं हेच उद्दिष्ट असलेला रुग्ण, किंवा तोंडासोबत नळीनेही आहार चालू असलेला रुग्ण असेल, तर हे निदान सहसा बसत नाही. ऑपरेशनच्या दिवशी उपाशी ठेवलेल्या माणसालाही ते लावू नका.

सातव्या दिवशी पुन्हा मोजलं. तोंडी द्रव 1300 मिली, उष्मांक 1150, म्हणजे गरजेच्या 83 टक्के. पण प्रथिनं 31 ग्रॅमवरच अडली होती. संकोच गेला होता, तरीही डाळ परतच येत होती. म्हणजे जुनं कारण आता या उरलेल्या कमतरतेला लागू नव्हतं. तेच वाक्य ‘कंटिन्यू’ म्हणून पुढे ढकलणं चुकीचं ठरलं असतं, आणि ही चूक मी फार फाइलींमध्ये बघते.

या वेळी सुनेला विचारलं. ती म्हणाली, “ताई, डाळीने टाके पिकतात ना? आमच्या मावशींनी सांगितलंय, टाके निघेपर्यंत डाळ नको. म्हणून मीच आईंना खाऊ नका म्हणते.”

मग पहिलं निदान बंद केलं आणि नवं लिहिलं: ‘अपुरी प्रथिने, रिलेटेड टू डाळीने जखमेत पू होतो असा कुटुंबाचा समज, ॲज एव्हिडन्स्ड बाय रोज सरासरी 31 ग्रॅम प्रथिने (गरज 55), ताटातली डाळ न खाता परत, आणि सुनेचे सांगणे.’ उपायही त्याच कारणावर केला. राउंडला सर्जन आले, तेव्हा सुनेसमोर त्यांनाच विचारलं, डाळ चालेल का? ते म्हणाले, चालेल काय, खाल्लीच पाहिजे, जखम भरायला ती लागते. माझ्या तोंडून हेच आदल्या दिवशी ऐकून ती गप्प बसली होती. त्या संध्याकाळी घरून डब्यात मुगाचं घट्ट वरण आलं, आणि वाटी रिकामी परत गेली.