व्याजदर कमी, तरी कर्ज महाग?

प्रश्न: ३ लाखांचं पर्सनल लोन ३ वर्षांसाठी हवंय. एक जण ११% म्हणतोय पण प्रोसेसिंग फी ३%, दुसरा १२% पण फी फक्त ९९९ रुपये. कुठलं घ्यावं?

१२% वालं. हातात पडणारी रक्कम आणि हप्ता, एवढंच बघा.

पहिल्याची फी ९,००० रुपये, त्यावर १८% जीएसटी १,६२०. ही रक्कम बहुधा आधीच कापली जाते. म्हणजे खात्यात येणार २,८९,३८०, पण हप्ता मात्र पूर्ण ३ लाखांवर, ९,८२२ रुपये. गोम इथेच आहे. एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये हे टाका:

```
=(1+RATE(36,-9822,289380))^12-1
```

उत्तर येतं सुमारे १४.४%, हा फी धरून पडणारा वर्षाचा खरा दर. दुसऱ्याचा हप्ता ९,९६४ आणि हातात २,९८,८२१. ते आकडे घातले की १३%. हप्त्यापुढचं उणे चिन्ह विसरलात तर #NUM! दिसेल.

११% च्या कर्जाला फी नसती तरी हे सूत्र ११.६% दाखवतं, कारण ते महिन्याचं व्याज चक्रवाढीने मोजतं. बँकेच्या ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ या कर्जाच्या माहितीपत्रकातल्या एपीआरशी, म्हणजे फी धरून काढलेल्या वार्षिक दराशी ताडायचं असेल तर RATE ला नुसतं १२ ने गुणा, पहिल्याचा १३.५% च्या आसपास येईल.

कर्जासोबत विमा गळ्यात मारत असतील तर विम्याचा हप्ताही हातातल्या रकमेतून वजा करा. आणि वर्षभरात कर्ज फेडायचा विचार असेल, तर मोठी फी आणखीच महाग पडते, कारण ती परत मिळत नाही.